रिव्ह्यू कधी घ्यावा? आधी त्याची किंमत ठरवा

प्रश्न: "कसोटी बघताना आमच्या घरी दर वेळी एकच वाद. बाबा म्हणतात, रिव्ह्यू जपून ठेवावेत, खरी गरज शेवटी लागते. मी म्हणतो, तीन मिळतात तर शंका आली की घ्यावा. यामागे खरंच काही गणित असतं, की सगळं कर्णधाराच्या अंदाजावर चालतं?"

गणित असतं, आणि ते पाचवीच्या मुलालाही जमेल इतकं सोपं आहे. अवघड असतो तो त्यात घालायचा अंदाज. मी बरीच वर्षं मुंबईच्या मैदानांवर यष्टिरक्षण केलं, आता एका संघासाठी व्हिडिओ विश्लेषक म्हणून काम करतो. सामन्याआधी कर्णधार आणि कीपर यांच्याबरोबर बसून रिव्ह्यूचं धोरण ठरवणं हा त्या कामाचा एक भाग. इथे मी एकाच प्रकाराबद्दल सविस्तर लिहितो: पंचांनी पायचीत नाबाद दिलंय आणि क्षेत्ररक्षण करणाऱ्या कर्णधाराला ठरवायचंय. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त रिव्ह्यू इथेच वाया जातात, आणि विचार करून सगळ्यात जास्त फायदाही इथेच होतो.

तुमच्या वादात तुम्ही दोघं एक गोष्ट धरून चालला आहात, की रिव्ह्यूची किंमत डावभर सारखीच असते. तसं नसतं. तीन शिल्लक असताना एक गमावणं आणि शेवटचा गमावणं यांत फार मोठा फरक आहे. पहिल्या तासात गमावणं आणि नववा गडी बाद झाल्यावर गमावणं यांतही तितकाच फरक आहे. म्हणून "हा बाद असेल का?" एवढाच प्रश्न पुरत नाही. "चुकलं तर माझं नेमकं किती जाईल?" हाही प्रश्न त्याच पंधरा सेकंदांत सोडवावा लागतो.

आधी नियमातला एक बारकावा, कारण सगळा हिशोब त्यावर उभा आहे. रिव्ह्यूचे निकाल दोन नसतात, तीन असतात. निर्णय बदलला तर गडी मिळतो आणि रिव्ह्यूही शिल्लक राहतो. चेंडू यष्टींना लागतोय पण अर्ध्याहून कमी, म्हणजे अंपायर्स कॉल आला, तर गडी मिळत नाही. पण 2017 च्या ऑक्टोबरपासून त्यात रिव्ह्यूही जात नाही. रिव्ह्यू जातो तो फक्त तिसऱ्या निकालात, साफ चुकल्यावर. त्याच बदलात कसोटीत 80 षटकांनंतर नव्याने मिळणारे रिव्ह्यू बंद झाले. म्हणजे एका बाजूने रिव्ह्यू थोडा स्वस्त झाला आणि दुसऱ्या बाजूने महाग.

ही अंपायर्स कॉलची पट्टी किती रुंद असते ते पाहा. तिन्ही यष्टी मिळून रुंदी 22.86 सेंटिमीटर. चेंडूचा व्यास साधारण 7.2 सेंटिमीटर. यष्टींना नुसता चाटून जाणारा चेंडूही धरला, तर चेंडूचा मध्यबिंदू साधारण 30 सेंटिमीटरच्या पट्ट्यात कुठेही असू शकतो. पण नाबादचा बाद व्हायचा असेल, तर तो मध्यबिंदू आतल्या 22.86 सेंटिमीटरमध्येच हवा. दोन्ही कडांना मिळून सात सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ पाव पट्टा, हा अंपायर्स कॉलचा. उंचीचा प्रश्न याशिवाय वेगळा. ज्या अपिलावर सगळे "अरे, काठावर होता" म्हणतात, त्यातली बरीच या पाव पट्ट्यात जातात. तिथे गडी मिळत नाही, पण नुकसानही होत नाही.

आता हिशोब. एका पारड्यात टाका: निर्णय बदलण्याची शक्यता गुणिले त्या गड्याची किंमत. दुसऱ्या पारड्यात: साफ चुकण्याची शक्यता गुणिले रिव्ह्यूची किंमत. पहिलं पारडं जड असेल तर हात वर करायचा. दोन्ही बाजू धावांत मोजायच्या.

गड्याची किंमत धावांत मोजायची म्हणजे, तो आत्ता बाद झाला तर समोरच्यांच्या अंदाजे किती धावा कमी होतील. स्थिरावलेला वरच्या फळीतला फलंदाज असेल तर समजा 40, शेपटातला असेल तर 10. हे आकडे मी समजावण्यासाठी धरलेत. खेळपट्टी, फलंदाज आणि सामन्याची स्थिती यांप्रमाणे तुम्ही तुमचे धरा.

रिव्ह्यूची किंमत काढायला थोडा जास्त विचार लागतो. रिव्ह्यूला स्वतःची अशी काही किंमत नाही. पुढे पंचांची चूक होईल, ती आपल्या लक्षात येईल आणि तेव्हा हातात काहीच नसेल, या शक्यतेची ती किंमत असते. समजा अर्धा डाव बाकी आहे आणि असा प्रसंग पुन्हा येण्याची शक्यता मी दहात चार धरली. त्या वेळच्या गड्याची सरासरी किंमत 30 धरली, तर शेवटच्या रिव्ह्यूची किंमत 12 धावा होते. पण दोन शिल्लक असतील तर? एक गेला तरी एक हातात आहेच. खरं नुकसान तेव्हाच होईल, जेव्हा तोही जाईल आणि त्यानंतर आणखी एक चूक घडेल. म्हणून त्याची किंमत एकदम खाली येते, समजा 4 धावा. तिसऱ्याची आणखी खाली, समजा 1. 12, 4, 1 ही उतरंड डोक्यात ठेवा. नेमके आकडे बदलतील, पण उतार असाच तीव्र राहतो.

आता हेच एका प्रसंगात घालून बघू. ऑफस्पिनर टाकतोय, समोर 50 वर खेळणारा उजवा फलंदाज. चेंडू पुढच्या पॅडवर लागला. पंचांनी मान हलवली. टप्पा ऑफच्या बाहेर, लागला तेव्हा चेंडू रेषेत, पण वळण जास्त वाटतंय. कीपर म्हणतो, "लेगला जात असावा, पण सांगता येत नाही." शंभरात मांडायचं तर मी असं लिहीन: निर्णय बदलण्याची शक्यता 15, अंपायर्स कॉल 25, साफ चुकणं 60. पहिल्या पारड्यात 40 चे 15 टक्के, म्हणजे 6 धावा. शेवटचाच रिव्ह्यू असेल तर दुसऱ्या पारड्यात 12 चे 60 टक्के, म्हणजे 7.2. घेऊ नये. दोन शिल्लक असतील तर दुसरं पारडं 2.4 वर येतं. घ्यावा, तोही निःशंकपणे. चेंडू तोच, शंका तीच, उत्तर उलट.

आता तिथे अकरावा फलंदाज ठेवा, किंमत 10. पहिल्या पारड्यात दीडच धाव उरते. दोन शिल्लक असतानाही 2.4 च्या पुढे ती हलकी पडते. तीन शिल्लक असतील तर दुसरं पारडं 0.6, म्हणजे घेता येतो.

हेच उलटं मांडलं तर कर्णधाराला लक्षात ठेवायला सोपं जातं. स्थिरावलेल्या फलंदाजासाठी तीन रिव्ह्यू असताना शंभरात दोन-तीन इतकी बारीक शक्यताही पुरते. दोन असताना सात-आठ लागतात. शेवटचा असेल तर सतरा-अठरा. शेपटातल्या फलंदाजासाठी शेवटचा रिव्ह्यू वापरायचा असेल तर मात्र शंभरात चाळीसच्या वर खात्री हवी. आमच्या कर्णधाराला मी हे आकडे पहिल्यांदा दाखवले तेव्हा सगळ्यात जास्त धक्का पहिल्या ओळीने बसला. निर्णय बदलायची शक्यता दहात एक असली तरी पहिला रिव्ह्यू घेणं योग्य ठरतं, हे मनाला पटायला वेळ लागतो, कारण त्यातले बहुतेक रिव्ह्यू बदललेला निर्णय हातात देत नाहीत आणि समालोचक "घालवला" म्हणतात.

म्हणून "चहापानाआधीच दोन घालवले" एवढं ऐकून मी कर्णधाराला दोष देणार नाही. पहिला कोणासाठी घेतला, दुसरा घेताना काय दिसत होतं, हे विचारीन. पहिले दोन सढळ हाताने आणि तिसरा मुठीत घट्ट, हे धोरण माझ्या मते बरोबर आहे. तुमचं म्हणणं पहिल्या दोघांना लागू पडतं आणि बाबांचं तिसऱ्याला.

तेही डाव पुढे सरकेल तसं बदलतं. डाव संपला की उरलेला रिव्ह्यू शून्य. तो पुढच्या डावात नेता येत नाही. आठ गडी बाद झाले, नऊ झाले, की पुढे चूक घडायला जागाच कमी उरते आणि 12 धावांची किंमत 6, 3, 1 अशी उतरत जाते. ट्वेंटी-20 च्या शेवटच्या षटकात दोन रिव्ह्यू हातात असतील आणि मोठा फलंदाज समोर असेल, तर न घेण्याला कारणच नाही. आयपीएलमध्ये 2023 पासून वाइड आणि नोबॉलवरही रिव्ह्यू घेता येतो, तिथेही हाच हिशोब. वाइडवर मिळणार एक धाव आणि एक जादा चेंडू, म्हणजे फार तर दोन-अडीच धावा. पाचव्या षटकात एवढ्यासाठी रिव्ह्यू पणाला लावणं महाग, विसाव्यात स्वस्त.

इथे सगळ्यांना हेडिंग्ली आठवते, म्हणून त्या सामन्यावर थोडं थांबतो. 25 ऑगस्ट 2019, अॅशेसमधली तिसरी कसोटी. इंग्लंडपुढे 359 चं लक्ष्य, नऊ गडी बाद, स्टोक्स आणि लीच खेळताहेत. विजयाला दहाच्या आत धावा हव्या असताना कमिन्सचा चेंडू लीचच्या पॅडवर लागला, पंचांनी नाबाद दिलं आणि कर्णधार पेनने ऑस्ट्रेलियाचा शेवटचा रिव्ह्यू घेतला. टप्पा लेग स्टंपच्या बाहेर निघाला. रिव्ह्यू गेला. पुढच्याच षटकात, दोन धावा हव्या असताना, लायनचा चेंडू स्टोक्सच्या पॅडवर लागला. पंचांनी नाबाद दिलं, आणि बॉल ट्रॅकिंगवर तीनही लाल दिसले. रिव्ह्यू असता तर सामना तिथेच ऑस्ट्रेलियाने जिंकला असता.

तेव्हापासून "शेवटचा रिव्ह्यू राखायला हवा होता" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. मला ते बरोबर वाटत नाही. लीचच्या अपिलाच्या क्षणी हिशोब मांडा. लीच बाद झाला तर सामना संपला, म्हणजे त्या गड्याची किंमत अख्खा सामना. रिव्ह्यू गेला तर नुकसान काय? उरलेल्या दोन-तीन षटकांत आणखी एक पायचीत व्हावं, पंचांनी ते चुकावं, आणि ते आपल्याला कळावं. अशी शक्यता मी शंभरात तीन धरीन. म्हणजे लीच बाद असण्याची शक्यता शंभरात तीनपेक्षा जास्त वाटत असेल, तर रिव्ह्यू घेणंच योग्य होतं. राखून ठेवायचा तर तो याहून कोणत्या मोठ्या गोष्टीसाठी? चूक राखण्यात झाली नाही, पाहण्यात झाली. टप्पा लेगबाहेर असेल तर शक्यता तीन नसते, शून्य असते, आणि शून्याला कितीही मोठ्या किमतीने गुणलं तरी शून्यच येतं.

म्हणून आमच्या संघात पंधरा सेकंदांतला पहिला प्रश्न टप्प्याचा असतो. टप्प्याला अंपायर्स कॉल नाही. लेगबाहेर म्हणजे विषय संपला. उजव्या हाताचा गोलंदाज ओव्हर द विकेट डावऱ्या फलंदाजाला टाकत असेल, किंवा डावरा वेगवान गोलंदाज उजव्याला, तर चेंडू तिरका बाहेर जात असतो. तो यष्टींवर जायचा असेल तर टप्पा बहुधा लेगबाहेरच असतो. गोलंदाजाला हे दिसत नाही, कारण चेंडू सोडल्यावर तो स्वतः खेळपट्टीच्या कडेला गेलेला असतो आणि त्याच्या डोळ्यांत चेंडू पॅडवर लागल्याचं चित्र असतं. हा प्रश्न कीपरने सोडवायचा. तो रेषेत बसलेला असतो.

दुसरा प्रश्न लागला तेव्हाची रेषा. ऑफच्या बाहेर लागला आणि फलंदाजाने फटका खेळायचा खरा प्रयत्न केला, तर बाद नाही. पुढचा पाय लांब टाकून पॅडने आडवणाऱ्या फलंदाजांसमोर फिरकी गोलंदाज इथे फसतात. हेही कीपरच सांगू शकतो.

तिसरा प्रश्न उंचीचा, आणि तो कीपरला विचारायचा नाही. यष्टींमागे बसून रेषा उत्तम दिसते, उंची दिसत नाही. मी इतकी वर्षं तिथे बसलो, मला माहीत आहे. गुडघ्याच्या वर लागलेला चेंडूही मागून स्टंपवर जाताना वाटतो. उंची पॉइंटच्या आणि स्क्वेअर लेगच्या माणसाला दिसते. पाय क्रीजमध्ये होता की पुढे, चेंडू नडगीवर लागला की गुडघ्याच्या वाटीवर, हे तेच सांगणार. म्हणून आम्ही त्या दोघांना आधीच सांगून ठेवतो: पळत येऊन मिठी मारू नका, जागेवरून हाताने उंची दाखवा. बॅटचा आवाज आला का, हा चौथा प्रश्न जवळच्या क्षेत्ररक्षकांचा. गोलंदाजाला शेवटी विचारायचं, आणि त्याचं उत्तर अर्धं धरायचं. हा त्याच्या प्रामाणिकपणावर संशय नाही. त्याला त्या गड्याची आस सगळ्यात जास्त असते, आणि आस असलेल्या माणसाला शक्यता मोठी दिसते.

कर्णधाराचं काम या चार उत्तरांचा एक आकडा करण्याचं. मी त्यांना टक्के सांगायला लावत नाही, तीनच शब्द दिले आहेत: "अंधुक", "बरा", "पक्का". अंधुक म्हणजे दहात एकाच्या आसपास, बरा म्हणजे चारात एक, पक्का म्हणजे निम्म्याच्या वर. मग नियम सोपा होतो. तीन शिल्लक असतील तर अंधुकलाही घ्या. दोन असतील तर बरा हवा. वरच्या फळीतला स्थिरावलेला फलंदाज असेल तर अंधुकही चालेल. शेवटचा असेल तर स्थिरावलेल्या फलंदाजासाठी बरा, बाकी सगळ्यांसाठी पक्काच. नऊ गडी बाद झाले की नियम गळून पडतो, टप्पा तेवढा बघायचा.

हे कुठे बिघडतं? बहुतेक वेळा सामना हातातून निसटू लागतो तेव्हा. मोठी भागीदारी होतेय, तासभर काही घडलं नाही, आणि अचानक एक चेंडू पॅडला लागतो. संघाला गडी हवा असतो म्हणून अंधुकचा बरा होतो आणि बराचा पक्का. हे ओळखण्याची एक खूण आहे: क्षेत्ररक्षक कर्णधाराकडे धावत येतात आणि कोणीही टप्पा, रेषा, उंची यांतला शब्द उच्चारत नाही, सगळे नुसतं "घे, घे" म्हणतात. तशा वेळी आमचा कीपर एकच गोष्ट करतो, मोठ्याने "टप्पा?" असं विचारतो. उत्तर आलं नाही तर रिव्ह्यू नाही.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर सोडाव्या लागतात. फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्टीवर बॅट-पॅडची अपिलं वाढतात, पंचांचं काम कठीण होतं, म्हणून पुढे चूक घडण्याची शक्यता आणि रिव्ह्यूची किंमत दोन्ही चढतात. पाटा खेळपट्टीवर गडीच महाग असतो, तेव्हा उलट जास्त सढळ व्हावं लागतं. स्वतः फलंदाजी करताना चित्र वेगळं. बॅट लागल्याचं फलंदाजाला हाताला कळतं, ही माहिती दुसऱ्या कोणाकडे नसते, त्यामुळे पायचीत दिलं आणि आतली कड लागली असेल तर विचार करायचाच नाही. पण "जात होता असं वाटलं" एवढ्यावर घेतलेला फलंदाजाचा रिव्ह्यू फसण्याची शक्यता जास्त, कारण बाद दिलेला निर्णय फिरायला चेंडू यष्टींना पूर्ण चुकवून जावा लागतो. नुसता चाटला तरी बादच राहतो.

शेवटी मोजमापाबद्दल, कारण माझं निम्मं काम तेच आहे. रिव्ह्यू फळला म्हणून निर्णय चांगला आणि फसला म्हणून वाईट, असं मी कधी मांडत नाही. प्रत्येक मोठ्या अपिलानंतर, पडद्यावर काही दिसायच्या आत, मी वहीत लिहितो: अंधुक, बरा की पक्का. रिव्ह्यू घेतला नसला तरी लिहितो, आणि ट्रॅकिंग नंतर पाहून समोर निकाल टाकतो. मोसमाच्या शेवटी वही उघडायची. ज्यांना "बरा" लिहिलं त्यातले साधारण चारात एक निघाले, तर डोळा ठीक आहे. दहात एकच निघाला, तर आपण आशेवर चाललोय. आणि एखाद्या कर्णधाराचे पहिले रिव्ह्यू निम्म्याहून जास्त यशस्वी होत असतील, तर मी त्याला शाबासकी देत नाही. तो कंजूषपणा करतोय, घ्यायला हवे होते असे कितीतरी सोडतोय.

तुम्हा दोघांनाही हे घरी करता येईल. पुढच्या कसोटीला एक वही समोर ठेवा, दोन रकाने आखा, एक तुमचा, एक बाबांचा. अपील झालं की पडदा बघायच्या आत दोघांनी आपापला शब्द लिहायचा, आणि शेजारी किती रिव्ह्यू शिल्लक आहेत आणि फलंदाज कोण, तेही. पाच दिवसांच्या सामन्यात पुरेशी अपिलं होतात. कोणाच्या "पक्का"तले निम्म्याहून जास्त खरे निघतात, ते त्या रकान्यात दिसेल.